कोल्ह्याचं मांस, एका पायाची सायकल आणि घरातले जोर : क्रिएटिनची गोष्ट

आजच्या भागाचा विषय तुमच्याच प्रश्नांमधून आला आहे. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. कुणी लिहितं, "मी जिमला जात नाही, घरीच जोर-बैठका मारतो, क्रिएटिनचा मला उपयोग होईल का?" कुणी विचारतं, "मी फक्त योगासनं करते, मग ती पावडर माझ्यासाठी आहे की नाही?" प्रत्येकाच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली दिसते, की क्रिएटिन हे लोखंड उचलणाऱ्यांचं काम आहे.

आपला कार्यक्रम इतिहासाचा आहे, म्हणून या प्रश्नाला इतिहासातूनच हात घालूया. क्रिएटिनचा जवळपास दोनशे वर्षांचा प्रवास बघितला, तर एक गंमत लक्षात येते. ज्या प्रयोगांमधून या पदार्थाचं काम कळलं, त्यांतल्या मुख्य प्रयोगांत कुणी बारबेल उचललेली नाही. एकात कोल्हा धावलाय, एकात बेडकाचा स्नायू आकसलाय, एकात माणसांनी एका पायाने सायकल मारली आहे.

सुरुवात पॅरिसमधून. १८३२ साली मिशेल शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांसाच्या अर्कातून एक नवा पदार्थ वेगळा काढला. हा माणूस खरा प्रसिद्ध होता तो चरबी आणि साबणाच्या रसायनशास्त्रासाठी. त्याने या पदार्थाला नाव दिलं क्रिएटिन, मांसासाठी असलेल्या 'क्रिआस' या ग्रीक शब्दावरून. पुढे १८४७ साली जर्मनीत युस्टुस फॉन लीबिगने वेगवेगळ्या प्राण्यांच्या मांसात क्रिएटिन शोधलं. त्याची एक नोंद फार गाजली. शिकारीत धावून धावून मारल्या गेलेल्या कोल्ह्याच्या मांसात, पिंजऱ्यात पाळलेल्या कोल्ह्यापेक्षा दहापट क्रिएटिन आहे, असं त्याने लिहिलं.

आता दहापट हा आकडा आजच्या ज्ञानाशी जुळत नाही. व्यायामाने क्रिएटिनचा साठा इतका वाढत नसतो. पण स्नायूच्या कामाचा आणि या पदार्थाचा काहीतरी संबंध आहे, ही शंका तिथे पहिल्यांदा नोंदली गेली. तो संबंध नेमका कसला, हे कळायला मात्र ऐंशी वर्षं गेली.

ते कळलं त्यात एका भारतीयाचा हात आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५ सालचा, भीमावरमचा. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते बोस्टनला गेले आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करू लागले. दोघांनी मिळून फॉस्फेट मोजायची एक पद्धत बसवली. द्रावणात फॉस्फेट जितकं जास्त, तितका निळा रंग गडद. ही पद्धत दोघांच्या नावाने आजही बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते.

ही पद्धत त्यांनी स्नायूच्या अर्कावर लावली, तेव्हा रंग नेहमीसारखा झटकन न येता हळूहळू चढत गेला. एखाद्याने "रसायन जुनं झालं असेल" म्हणून सोडून दिलं असतं. यांनी त्याचा पाठपुरावा केला. निष्कर्ष असा निघाला, की स्नायूत जे मोकळं फॉस्फेट समजलं जात होतं, त्यातला मोठा भाग मुळात क्रिएटिनला जोडलेला असतो. ही जोडी इतकी नाजूक, की आम्लात तपासता तपासताच ती फुटते आणि फॉस्फेट सुटत जातं. म्हणून रंग उशिरा. १९२७ साली हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन पती-पत्नींनाही हाच पदार्थ सापडला, त्यांनी त्याला 'फॉस्फाजेन' म्हटलं. आज आपण त्याला फॉस्फोक्रिएटिन म्हणतो. स्नायूला काम दिलं की ते घटतं आणि विश्रांती दिली की पुन्हा भरतं, हेही तेव्हाच दिसलं होतं.

तीन वर्षांनी, १९३० मध्ये, कोपनहेगनच्या आयनर लुंड्सगोर यांनी बेडकांना एक विष दिलं. त्या विषाने स्नायूत साखर फोडून लॅक्टिक आम्ल बनण्याचा रस्ताच बंद होतो. तोपर्यंत बहुतेकांचं मत होतं, की स्नायू त्या रस्त्यावरच चालतो. तरीही हे स्नायू काही काळ आकसत राहिले! जोपर्यंत फॉस्फोक्रिएटिन शिल्लक होतं तोपर्यंत ते चालले, ते संपलं आणि स्नायू ताठ होऊन थांबले.

म्हणजे चित्र असं झालं. स्नायू जी ऊर्जा थेट वापरतो तिचं नाव एटीपी. पूर्ण जोर लावला तर स्नायूतलं एटीपी दोन-तीन सेकंदांचं असतं. ते सतत भरून द्यावं लागतं आणि हे भरून देण्याचं सगळ्यात झटपट काम फॉस्फोक्रिएटिन करतं. घरात रोजच्या खर्चाला डब्यात ठेवलेल्या पैशांसारखं समजा. बँकेत जास्त पैसे आहेत, पण तिथे जायला वेळ लागतो. दारात माणूस उभा असेल तर आधी डब्यात हात जातो. पूर्ण ताकदीच्या कामात हा डबा साधारण दहा सेकंदांत बराचसा रिकामा होतो. मग थांबलं की पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात निम्म्याच्या आसपास भरतो आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात.

हे गणित डोक्यात ठेवा, कारण आजच्या प्रश्नाचं उत्तर यातच दडलंय.

आता प्रश्न असा, की खाऊन हा डबा मोठा करता येतो का? १९२६ साली अल्फ्रेड शानुटिन यांनी माणसांना क्रिएटिन खायला दिलं होतं आणि त्यातलं बरंचसं लघवीतून बाहेर न पडता शरीरातच राहतं, हे दाखवलं होतं. पण ते जातं कुठे हे बघायला जिवंत माणसाच्या स्नायूचा तुकडा काढावा लागतो. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये योनास बेर्गस्ट्रॉम यांनी त्यासाठी सुई वापरात आणली आणि एरिक हुल्टमान यांच्याबरोबर मांडीच्या स्नायूचे बारीक नमुने घ्यायला सुरुवात केली. त्याच परंपरेत १९९२ साली रॉजर हॅरिस, कारिन सोडरलुंड आणि हुल्टमान यांचा तो महत्त्वाचा शोधनिबंध आला.

या प्रयोगात १७ जणांना ५ ग्रॅम क्रिएटिन दिवसातून चार ते सहा वेळा दिलं. स्नायूतला साठा वाढला. ज्यांचा मुळात कमी होता त्यांचा सर्वात जास्त वाढला, आणि त्यांत शाकाहारीही होते. पण मला त्यातला एक छोटा उपप्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. काही जणांनी क्रिएटिन घेताना रोज एक तास फक्त एका पायाने जोरात सायकल मारली. दुसरा पाय नुसता लटकलेला. माणूस तोच, रक्त तेच, पावडर तीच. सुरुवातीला साठा होता कोरड्या स्नायूच्या किलोमागे साधारण ११८ मिलिमोल. आराम केलेल्या पायात तो झाला सुमारे १४८, सायकल मारलेल्या पायात १६२.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, काहीही न करणाऱ्या पायातही साठा वाढतोच. दोन, काम करणारा स्नायू जास्त ओढून घेतो आणि त्या कामासाठी पाठीवर वजन असावं लागत नाही. लीबिगच्या कोल्ह्याचा आकडा चुकला होता, पण दिशा पूर्ण चुकली नव्हती.

मग हे सगळं जिमच्या गळ्यात कसं पडलं? त्याचं उत्तर आहे १९९२चं बार्सिलोना ऑलिंपिक. १०० मीटर जिंकणारा लिनफर्ड क्रिस्टी आणि ४०० मीटर अडथळ्यांत सुवर्ण मिळवणारी सॅली गनेल हे ब्रिटिश खेळाडू क्रिएटिन घेत होते, अशा बातम्या ब्रिटिश वर्तमानपत्रांत आल्या. बघा, हेही धावपटूच. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेत ईएएस या कंपनीने 'फॉस्फाजेन' नावानेच पावडर बाजारात आणली. नाव एगल्टन दांपत्याचं, गिऱ्हाईक मात्र बॉडीबिल्डर. डब्यांवर फुगलेले दंड आले ते तेव्हापासून. वजनं उचलणाऱ्यांना फायदा होतो हे खरंच, त्यावर पुढे भरपूर अभ्यासही झाले. पण पदार्थाला लोखंड ओळखता येत नाही. स्नायू किती जोरात, किती वेळ आणि किती विश्रांतीने काम करतोय, एवढंच त्याला कळतं.

याचा पुरावा १९९३ सालच्या एका इंग्लिश प्रयोगात आहे. पॉल ग्रीनहाफ आणि सहकाऱ्यांनी १२ जणांना एका यंत्रावर बसवलं. गुडघा सरळ करायचा, पूर्ण जोर लावून, सलग ३० वेळा. मग एक मिनिट विश्रांती. अशा पाच फेऱ्या. या यंत्राला वजनाच्या चकत्या नसतात, तुम्ही जितका जोर लावाल तितकाच ते विरोध करतं. पाच दिवस रोज २० ग्रॅम क्रिएटिन घेतलेल्यांचा पहिला झटका काही जादूने वाढला नाही. फरक पडला तो पुढे, फेऱ्या वाढत गेल्यावर ताकद जी घसरते तिथे. ती कमी घसरली.

पुढच्या वर्षी याच गटाने आणखी बारकाईने पाहिलं. आठ जणांपैकी पाच जणांच्या स्नायूत क्रिएटिन चांगलं वाढलं आणि त्यांच्यात विश्रांतीच्या दुसऱ्या मिनिटात डबा जास्त वेगाने भरत होता. उरलेल्या तिघांमध्ये साठाही फार वाढला नाही आणि फरकही दिसला नाही. ज्यांचा डबा आधीच भरलेला असतो, त्यांच्या बाबतीत असं होऊ शकतं.

नाण्याची दुसरी बाजूही १९९३ सालचीच आहे. स्वीडनमध्ये पॉल बाल्सम यांच्या गटाने धावणाऱ्यांना क्रिएटिन दिलं आणि त्यांना ६ किलोमीटर जंगलवाटेने पळवलं. क्रिएटिन घेतलेल्यांचा वेळ चक्क वाढला, म्हणजे ते हळू धावले. त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलेलं होतं. क्रिएटिन स्नायूत शिरताना पाणी सोबत नेतं. लांब धावण्यात त्या दहा सेकंदांच्या डब्याचं काम कमी असतं, पाण्याचं ओझं मात्र पूर्ण वाटभर वाहावं लागतं.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की घरच्या व्यायामाचं उत्तर हाताशी येतं. एक उदाहरण सोडवूया.

समजा ६० किलो वजनाची एक शाकाहारी व्यक्ती आहे. घरी जोर मारते. एका दमात २० जोर, मग मिनिटभर थांबून १५, मग मिनिटभर थांबून ११. तिसऱ्या फेरीत शेवटचा जोर अर्ध्यातच अडतो. २० जोरांना साधारण चाळीस सेकंद लागतात. म्हणजे डबा पहिल्या फेरीतच तळाला जातो, मिनिटभरात अर्धा-अधिक भरतो आणि दुसरी फेरी त्या अपुऱ्या डब्यावर सुरू होते. हा जवळपास ग्रीनहाफच्या यंत्रासारखाच प्रकार झाला. इथे क्रिएटिनचा उपयोग अपेक्षित आहे, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दिसेल. १५ आणि ११चे १६ आणि १३ व्हावेत, इतपत. पहिल्या फेरीत फारसा फरक शोधू नका. असे दोन-तीन जास्तीचे जोर महिनोन्‌महिने साठत गेले, की स्नायूला थोडं जास्त काम मिळतं. खरा फायदा तिथून येतो.

आता ओझ्याचा हिशेब. पाण्याने वजन समजा एक किलो वाढलं. जोर मारताना हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण ६५ टक्के भार येतो, म्हणजे जास्तीचा भार साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. हे खपून जातं. पण पुलअप्स मारत असाल तर पूर्ण एक किलो हातांवर येतो. ज्याला जेमतेम चार पुलअप्स जमतात, त्याला पहिल्या आठवड्यात चौथा जड वाटू शकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण कारण माहीत असावं. मल्लखांब करणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं.

याच व्यक्तीने फेऱ्यांमध्ये पाच-पाच मिनिटं आराम केला तर? मग डबा तसाही भरतो आणि क्रिएटिनचा फरक पुसट होतो. आणि ती शंभर बैठका संथ लयीत, बोलत बोलत मारत असेल तर? मग तो सहनशक्तीचा व्यायाम झाला. स्नायूला श्वासातून येणाऱ्या प्राणवायूवर बसल्या बसल्या ऊर्जा मिळतेय, डब्यात हात घालायची वेळच येत नाही. तिथे पैसे पावडरवर घालण्याआधी बैठक अवघड करा. एका पायावर करा, किंवा खाली थांबून वर या, म्हणजे दहा-पंधरात पाय थरथरतील.

योगासनांचंही असंच. पश्चिमोत्तानासनात तीन मिनिटं बसणं, शवासन, प्राणायाम, संथ सूर्यनमस्कार, यांत अडथळा असतो तो लवचिकतेचा, श्वासाचा, मनाचा. फॉस्फोक्रिएटिन तिथे कमी पडत नसतं, म्हणून ते वाढवून आसन सुधारेल असं मानायला आधार नाही. अपवाद मयूरासनासारख्या प्रकारांचा. दहा-पंधरा सेकंद पूर्ण ताकद, थोडी विश्रांती, पुन्हा प्रयत्न. तिथे डब्याचा संबंध येतो, पण वाढलेलं वजनही मनगटांवरच येतं.

आता शाकाहाराचा मुद्दा, जो आपल्याकडे बऱ्याच घरांना लागू आहे. शरीरात रोज साधारण दोन ग्रॅम क्रिएटिन झिजतं. मांस-मासे खाणाऱ्यांना त्यातलं निम्मं-एक जेवणातून मिळतं, कारण एक किलो कच्च्या मांसात चार-पाच ग्रॅम असतं. दुधात अगदी नाममात्र, धान्य-डाळींत नाहीच म्हणा. शाकाहारी माणसाचं शरीर स्वतः बनवून काम भागवतं, पण स्नायूतला साठा कमी राहतो. २००३ साली कॅनडात बर्क आणि सहकाऱ्यांनी शाकाहारी आणि मिश्राहारी लोकांना आठ आठवडे व्यायामाबरोबर क्रिएटिन दिलं, तेव्हा स्नायूतली वाढ शाकाहाऱ्यांमध्ये जास्त होती. तो प्रयोग वजनांच्या व्यायामावर होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण डबा किती रिकामा आहे, हे वजनांवर ठरत नाही.

प्रमाणाचा प्रश्न १९९६ सालीच सुटलाय. हुल्टमान यांच्या गटाने दाखवलं, की सहा दिवस रोज २० ग्रॅम घेतलं काय किंवा रोज ३ ग्रॅम २८ दिवस घेतलं काय, साठा शेवटी सारखाच होतो. म्हणून घरी व्यायाम करणाऱ्याने ३ ते ५ ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज घ्यावं आणि महिनाभर थांबावं. घाईने २० ग्रॅम घेणाऱ्यांचंच पोट जास्त बिघडतं.

उपयोग होतोय की नाही, हे ओळखायचं कसं? आरशावर विश्वास ठेवू नका. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या २०२५ सालच्या अभ्यासात क्रिएटिन घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन पहिल्या आठवड्यातच अर्धा किलो जास्त वाढलं, तेही व्यायाम सुरू होण्याआधी. पुढे बारा आठवड्यांच्या व्यायामानंतर दोन्ही गटांत वाढ सारखीच, सुमारे दोन किलो, निघाली. म्हणजे सुरुवातीला जे दिसतं ते बहुधा पाणी. त्यापेक्षा वही ठेवा. सुरू करण्याआधी दोन आठवडे प्रत्येक फेरीचे आकडे लिहा, विश्रांती घड्याळ लावून तेवढीच ठेवा, आणि महिन्याने शेवटच्या फेऱ्या ताडून बघा. नवशिक्याचे आकडे तसेही वाढतात, त्यामुळे ही परीक्षा ज्यांची प्रगती अडकून पडली आहे त्यांनाच नीट लागू पडते. तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर तुम्ही कदाचित त्या आठातल्या तिघांपैकी असाल. मग डबा संपला की पुन्हा आणू नका.

शेवटची गोष्ट, आणि हिच्यामुळे घराघरांत घबराट होते. क्रिएटिन झिजून जे बनतं ते क्रिएटिनिन. १८८६ साली माक्स याफे यांनी पिक्रिक आम्लाने ते ओळखायची रंगाची चाचणी शोधली आणि तिच्या सुधारित रूपावर आजही अनेक लॅब चालतात. रक्तात क्रिएटिनिन वाढलं की मूत्रपिंड नीट गाळत नाही, असा त्यावरून अंदाज करतात. पण पावडर घेणाऱ्याच्या शरीरात ते बनतंच थोडं जास्त. त्यामुळे मूत्रपिंड ठणठणीत असूनही रिपोर्टवर आकडा सीमेबाहेर दिसू शकतो. तपासणीआधी डॉक्टरांना "मी क्रिएटिन घेतो" एवढं वाक्य सांगा. शंका उरली तर सिस्टाटिन सी नावाची वेगळी तपासणी असते, तिच्यावर स्नायूतल्या क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आधीपासून आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही पावडर सुरूच करू नये.

तर मंडळी, "घरी व्यायाम करतो, क्रिएटिन घेऊ का?" या प्रश्नाला माझा उलट प्रश्न असा : तुमच्या व्यायामात अशी वेळ येते का, की अर्ध्या-पाऊण मिनिटात स्नायू जवाब देतो आणि मिनिटभराने तुम्ही पुन्हा त्याच कामाला लागता? येत असेल, तर खोलीत एकही डंबेल नसला तरी उपयोग होऊ शकतो, शाकाहारी असाल तर थोडा जास्तच. येत नसेल, तर ते पैसे राहू द्या.

तुमच्या वहीतले आकडे जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.